धागा: माहेरच्या माजघरात मोहरांचा हंडा सापडतो आणि मोहरा फुटतात. हे स्वप्न पाचव्यांदा पडलं

माजघर | 9 जून, रात्री 10:42

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. इथे स्वप्नांवर जुने धागे आहेत, ते सगळे वाचले, पण माझं उत्तर त्यांत मिळालं नाही.

स्वप्न असं आहे. वाई तालुक्यातलं माझं माहेर, जुनं घर, सारवलेलं माजघर. जातं असायचं त्या कोपऱ्यात मी उकिडवी बसून नखांनी जमीन उकरते. हाताला थंड काहीतरी लागतं. तांब्याचा हंडा असतो, तोंडाला फडकं बांधलेलं. आत मोहरा. मी पदरात भरून घेते, पदर जड होतो, मानेला ताण बसतो. मग ओटीवर कुणाची तरी पावलं वाजतात. मी लपवायला जागा शोधते. कोनाडा लहान पडतो, कणगीला झाकण नसतं, चुलीत निखारे असतात. या गडबडीत एक मोहर खाली पडते आणि अंड्याच्या कवचासारखी फुटते. आतून काळंतांबडं काहीतरी निघतं. तिथे जाग येते. छाती धडधडत असते. इतकं सोनं मिळूनही आनंद कधीच होत नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं.

जानेवारीपासून पाच वेळा पडलं, नेहमी पहाटे. मी चिंचवडला डबे करून देते, साडेचारला उठते, त्यामुळे जागी होते तेव्हा सगळं लख्ख आठवतं.

आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, मोहरांचे कोळसे होतायत म्हणजे धन आहे, पण तुझ्या नावाचं नाही, त्याचं देवाचं करावं लागेल. तिच्या ओळखीचा एक जाणकार आहे. तो जागा बघायचे 21 हजार सांगतोय. माझा विश्वास आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. पाच वेळा एकच स्वप्न का पडावं, एवढंच समजून घ्यायचं आहे.

पायवाट | 9 जून, रात्री 11:20

ताई, आमच्या आजीचं सांगते. स्वप्नात सोनं दिसलं तर हातचं जातं आणि घाण दिसली तर पैसा येतो. स्वप्नाचं फळ उलटं असतं. कुणी मेलेलं दिसलं तर त्याचं आयुष्य वाढतं, तसंच हे. शिवाय पहाटेचं स्वप्न खरं होतं. तेव्हा सध्या पैशाच्या व्यवहारात जपा, कुणाला उसने देऊ नका. त्या जाणकाराला मात्र पैसे देऊ नका. देवाचं आपण घरी करू शकतो, नारळ आणि खण पुरतो.

सह्यवारा | 10 जून, सकाळी 7:55

पाच वेळा सोनं दिसलं म्हणजे सोन्यात गुंतवणूक करायचा संकेत असेल का? मी पण विचार करतोय की दर महिन्याला थोडं थोडं घ्यावं. सध्याच्या भावात घ्यावं की थांबावं? कुणी सांगेल का?

निशिगंध | 10 जून, दुपारी 1:30

सह्यवारा, भावासाठी वेगळा धागा काढा, तिथे जाणती मंडळी आहेत. इथे ताईंच्या हातात सोनं आहे आणि तरी त्या घाबरलेल्या आहेत. प्रश्न त्याचा आहे.

मी एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात 22 वर्षं समुपदेशनाचं काम केलं. पैसा सापडल्याची स्वप्नं खूप ऐकली. जगभर लोकांना वारंवार पडणाऱ्या स्वप्नांच्या ज्या प्रश्नावल्या अभ्यासक वापरतात, त्यांतही 'पैसे सापडणं' ही एक नेहमीची नोंद असते. स्वप्न दुर्मीळ नाही. पण हंडा दिसला की अमुक अर्थ, असा कोश मी कधी वापरला नाही, कारण एकाच हंड्याचे दहा माणसांत दहा अर्थ निघालेले पाहिले आहेत.

पहाटेबद्दल पायवाट ताईंच्या आजीचं निरीक्षण बरोबर होतं, त्याचं कारण तेवढं वेगळं आहे. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात आणि जिवंत, गोष्टीसारखी स्वप्नं ज्या टप्प्यात पडतात तो टप्पा रात्र सरेल तसा लांबत जातो. पहाटेचं स्वप्न लांब असतं, आणि त्यातूनच जाग आली तर ते लक्षात राहतं. मध्यरात्री पडलेली स्वप्नं विरून जातात. त्यामुळे खरी ठरायलासुद्धा पहाटेचीच उरतात.

फळाबद्दल म्हणाल, तर आपल्याकडचे जुने वैद्य काही सरसकट फळ मानत नव्हते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि दोषांमुळे पडणारं. यातले पहिले पाच निष्फळ समजावेत असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. ज्याला आपण 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' म्हणतो, ते या पाचांतच येतं.

ताई, मला तीन गोष्टी सांगा. पावलं कुणाची वाटतात? मोहरा मिळाल्यावर पहिला विचार कोणता येतो? आणि गेल्या वर्षभरात तुमच्या घरातल्या सोन्याचं काही झालं का? नको वाटलं तर इथे लिहू नका, स्वतःपुरतं वहीत लिहिलंत तरी चालेल.

माजघर | 10 जून, रात्री 10:15

इथेच लिहिते. नाव कुणाला माहीत नाही, म्हणून धीर होतो.

पावलं कुणाची ते दिसत नाही, पण पुरुषाची आहेत, चामडी चपला आहेत. मोहरा मिळाल्यावर 'आता सुटले' असं वाटत नाही. 'आता हे ठेवू कुठे' असं वाटतं, पहिल्या क्षणापासून.

सोन्याचं झालं ते असं. मागच्या वर्षी जुलैत मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी आईच्या पाटल्या आणि बोरमाळ पतसंस्थेत तारण ठेवली. आई जाऊन सहा वर्षं झाली. हे दोन दागिने तिने माझ्या हातात दिले होते, बाकी काही नव्हतंच. व्याज भरते आहे. पुढच्या महिन्यात वर्ष संपतं, तेव्हा व्याज भरून नवं करून घेणार. सोडवायचे पैसे सध्या नाहीत.

वाचनखूण | 10 जून, रात्री 11:05

मग उत्तर सरळ आहे. फ्रॉइडने सांगितलंच आहे की स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती. तुम्हाला दागिने सोडवायला पैसे हवे आहेत, दिवसा मिळत नाहीत, म्हणून मन रात्री देतं. भुकेल्याला स्वप्नात जेवण दिसावं तसं.

निशिगंध | 11 जून, सकाळी 9:10

वाचनखूण, हंडा मिळण्यापर्यंत तुमचं बरोबर आहे. पण इच्छा पुरी करायची असती तर मनाने पदर भरून देऊन तिथेच थांबायचं. पावलं कशाला आणली? मोहर कशाला फोडली? स्वप्नाचा अर्धा भाग तुमच्या उत्तरात बसत नाही, आणि ताईंना जाग त्याच अर्ध्या भागात येते.

माझ्या अनुभवात धन सापडण्याच्या स्वप्नांत 'सापडलं' याने फार काही कळत नाही. सापडल्यानंतर काय होतं, तिथे माणसाचं माणूसपण दिसतं. कुणी ते लगेच वाटून टाकतो, कुणी लपवतो, कुणाला ते उचलताच येत नाही, कुणाला पोलीस धरतात. जागेपणी ज्या गोष्टीची धास्ती असते ती त्या दुसऱ्या भागात उतरते. स्वप्न जागेपणीच्या काळज्याच पुढे चालवतं असं मानणारा अभ्यासकांचा एक मोठा गट आहे आणि मला त्यांचं पटतं. त्यांचाच आग्रह असतो की एका स्वप्नावरून काही ठरवू नये, मालिका पाहावी. तुमच्याकडे पाचांची मालिका आहे.

कसोटी | 11 जून, दुपारी 4:48

मी मानसशास्त्रातला नाही. आमचा धंदा सराफीचा, चार पिढ्या. पण मूळ पोस्ट वाचताना एका शब्दावर थांबलो म्हणून लिहितो.

आत्याबाई कोळसा म्हणतात. कोळसा तांबडा नसतो, आणि मोहर कवचासारखी फुटत नाही. मोहर भरीव असते, तुम्ही आपटली तरी वाकेल, फुटणार नाही. वरून पातळ सोनं आणि आत काळंतांबडं असतं ते बोरमाळेच्या मण्यात. ती लाख आहे ताई. बोरमाळेचा मणी म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ वाटी, आत लाख भरून तिला आकार आणि बळ देतात. जुना मणी दबला किंवा फुटला तर तुम्ही लिहिलंय तसंच दिसतं.

तारण ठेवताना बोरमाळेचं वजन कसं धरलं होतं?

माजघर | 11 जून, रात्री 10:50

दुपारी डबे घासताना तुमचं वाचलं आणि हात थांबले.

बोरमाळ काट्यावर ठेवली तेव्हा 26 ग्रॅम भरली. मूल्यांकन करणाऱ्याने एक मणी नखाने दाबून पाहिला, तो आधीच चिरलेला होता, त्यातून लाखेचा कण गळून काचेवर पडला. तो म्हणाला, यात लाखच जास्त आहे, 14 धरतो. आई आयुष्यभर सांगायची, माझी अडीच तोळ्यांची बोरमाळ आहे. लग्नात आजोबांनी घातली होती. ती 14 ग्रॅमची निघाली तेव्हा मला त्या माणसाचा राग नाही आला. आईची लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याची लाज वाटली. घरी कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही.

हे मी खरंच विसरले होते. म्हणजे आठवत होतं, पण स्वप्नाशी जोडलं नव्हतं.

कसोटी | 11 जून, रात्री 11:30

आई खोटं बोलत नव्हत्या. त्या काळी बोरमाळ अख्ख्या वजनानेच सांगायचे. बोरमाळ, ठुशी, असल्या दागिन्यांत लाख धरूनच घडण असते, आणि घेणाऱ्यालाही ते माहीत असायचं. सोनं कमी निघालं म्हणजे आजोबांना फसवलं असं नाही. कमी सोन्यात भरगच्च दागिना व्हावा म्हणूनच ही रीत निघाली. तारण घेणारा लाख वजा करणारच, त्याला फक्त वितळवल्यावर काय उरेल ते बघायचं असतं. पाटल्या भरीव असतील तर त्यांत घट फारशी धरली नसेल, पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं असतं, पाहून घ्या. सोडवाल तेव्हा चिरलेला मणी भरून मिळतो, फार खर्च नाही.

आता स्वप्नाचं निघालंच आहे तर सांगतो. 1963 च्या जानेवारीत सरकारने सुवर्ण नियंत्रण आणलं आणि 14 कॅरटच्या वर दागिने घडवायला बंदी आली. माझे वडील तेव्हा 31 वर्षांचे होते. 22 कॅरटवर हात बसलेला माणूस, 14 कॅरटचं सोनं कडक, ठोकताना तडकतं, आणि गिऱ्हाईकच येईना. आमच्या ओळखीतल्या काही कारागिरांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं. वडील पुढे एका गिरणीच्या साच्यावर लागले, काही वर्षांनी नियम सैल झाल्यावर परत पेढीवर आले. पण म्हातारपणापर्यंत त्यांना एक स्वप्न पडायचं. समोर सोन्याची लगड आहे, ते कसोटीच्या दगडावर घासतायत, आणि दगडावर रेघच उमटत नाही. घासत राहतात, सोनं झिजून संपतं, दगड काळाच. तेही असेच धडधडत उठायचे.

त्यांना पैशाची ददात तेव्हा उरली नव्हती. आम्ही तिघे भाऊ कमावत होतो. मी विचारायचो, अण्णा, आता कशाची काळजी? ते म्हणायचे, सोन्याची नाही रे, रेघेची. मला ते तेव्हा कळलं नाही.

निशिगंध | 12 जून, सकाळी 8:40

कसोटी, तुमच्या अण्णांचं वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतलं आहे. लाखेचं मला सुचलंच नसतं. मी ओळखीच्या चौकटीत 'मोल नाहीसं होण्याची भीती' एवढंच म्हणून पुढे गेले असते.

ताई, आता एक काम करा. पाचही स्वप्नांच्या तारखा जमतील तशा लिहा आणि शेजारी त्याआधीच्या आठवड्यात पैशाचं काय घडलं ते लिहा. व्याजाचा निरोप, कॉलेजची फी, कुणाशी बोलणं. आधल्या दिवशीच्या गोष्टी स्वप्नात येतात हे आपल्याला ठाऊक असतं. पण काही अभ्यासांत असं दिसलं आहे की एखादी गोष्ट साधारण 5 ते 7 दिवसांनी पुन्हा वर येते. म्हणून फक्त आदल्या दिवशी पाहिलं तर दुवा सापडत नाही आणि स्वप्न आकाशातून पडल्यासारखं वाटतं.

पुढे पडलं तर उठल्या उठल्या, गॅस पेटवण्याआधी, दोन ओळी लिहा. आधी काय वाटलं ते, मग काय दिसलं ते. कुणाला सांगण्याआधी लिहा. सांगताना आपण गोष्ट नीटनेटकी करतो आणि ऐकणारा तिला आपला शब्द जोडतो. तुमच्या बाबतीत तांबडं काहीतरी होतं, त्याचा 'कोळसा' आत्यांच्या तोंडून झाला.

दिवटी | 12 जून, रात्री 9:25

उशिरा आलो. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, सातारा-सांगली भागात. स्वप्नाच्या अर्थात पडत नाही, पण त्या 21 हजारांबद्दल बोललंच पाहिजे.

ही माणसं कशी काम करतात ते पाहिलेलं सांगतो. पहिल्यांदा पैसे कमी असतात. मग जागेवर येऊन एखादा 'दोष' सांगतात, भुजंग बसलाय, पायाळू माणूस लागेल, अमावास्या लागेल. दर वेळी आकडा वाढतो. काही जण रात्री आधीच एक मडकं पुरून ठेवतात आणि तुमच्यासमोर काढतात. वर पितळेची नाणी दिसतात. मग सांगतात, 21 दिवस उघडू नका, नाहीतर कोळसे होतील. एकविसाव्या दिवशी माणूस गायब आणि मडक्यात कोळसे. दोष तुमच्यावर, कारण तुम्ही मध्येच डोकावलात. 'कोळसे होतात' ही समजूत फसवणाऱ्याच्या फार सोयीची आहे. धन निघालं नाही तरी त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही.

ओळखायची खूण एकच सांगतो. आधी पैसे आणि गुप्तता, या दोन अटी एकत्र आल्या की उठून चालू लागा. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं आणि गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्य करणं, दोन्ही त्यात गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार. गुप्तधनापायी लहान मुलांचे जीव गेलेली प्रकरणं आपल्या राज्यात घडलेली आहेत, म्हणून मी याबाबतीत कडक बोलतो. आणि खरोखर जमिनीत काही सापडलंच, तर 1878 चा कायदा आहे, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

स्वप्नावरून खणण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण 2013 चं. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यात डौंडियाखेडा नावाचं गाव आहे. 1857 च्या उठावानंतर फाशी गेलेले तिथले राजे राव रामबक्ष सिंह एका साधूंच्या स्वप्नात आले आणि किल्ल्याखाली 1000 टन सोनं असल्याचं सांगून गेले. भूगर्भ सर्वेक्षणवाल्यांनी जमिनीखाली काहीतरी वेगळं असल्याचं नोंदवलं आणि 18 ऑक्टोबरला पुरातत्त्व विभागाने खणायला सुरुवात केली. वाहिन्यांच्या गाड्या, खाण्याचे ठेले, जत्रा भरली. निघाले ते खापरांचे आणि बांगड्यांचे तुकडे, खिळे, जुन्या भिंती. सोनं नाही.

वाचनखूण | 12 जून, रात्री 10:02

ते मला आठवतंय! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉलर 68 रुपयांच्या पुढे गेला होता, सोन्यावरचं आयातशुल्क वाढवलं होतं. रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा साडेपाचशे टनांच्या आसपास सोनं होतं. साधूंच्या स्वप्नात त्याच्या जवळजवळ दुप्पट आलं, आणि ते देशाच्या कामी यावं असंच त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे तेव्हा वर्तमानपत्रात जी काळजी होती तीच त्या स्वप्नात होती. निशिगंध ताई, तुमचं 'जागेपणीच्या काळज्या पुढे चालवतं' हे इथे बसतं.

निशिगंध | 12 जून, रात्री 10:20

बसतं, पण जपून. साधूंशी आपण बोललेलो नाही, त्यांचं एकच स्वप्न आपल्याला माहीत आहे आणि तेही बातमीतून. इतक्या दुरून एवढंच म्हणता येईल की तसं असू शकतं.

दूरदेशी | 13 जून, पहाटे 2:15

अबूधाबीहून. माझं स्वप्न लिहू का? वाळूत एक नाणं दिसतं, उचलतो तर खाली दुसरं, मग तिसरं. दोन्ही मुठी भरतात, खिसे भरतात, पण पुढचं नाणं सोडवत नाही. कोण येत नाही, काही फुटत नाही, फक्त थांबता येत नाही. उठल्यावर खांदे दुखतात. 17 वर्षं इथे आहे, कराराचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी. गावाकडे घर बांधून झालं, बहिणीचं लग्न झालं, तरी 'अजून एक करार' असं चाललंय. बायको मुलांसह चिपळूणला. निशिगंध ताई, याला काय म्हणायचं?

निशिगंध | 13 जून, सकाळी 9:00

भाऊ, तुम्ही स्वप्न आणि त्याच्या शेजारची हकीकत एका दमात लिहिलीत. मी त्यात भर घालणार नाही. एकच विचारते. पुढच्या वेळी पडलं तर बघा, त्या वाळूत तुम्ही कोणत्या बाजूला सरकत असता, घराकडे की घरापासून लांब?

माजघर | 14 जून, रात्री 11:10

तारखा लिहिल्या. तीन नक्की सांगता येतात, कारण त्या दिवशी डब्याच्या वहीत मी कोपऱ्यात हंड्याचं चित्र काढलं होतं. उरलेल्या दोन अंदाजे. पतसंस्थेचा व्याजाचा निरोप दर महिन्याच्या 12 ला येतो. तीनपैकी दोन स्वप्नं 17 आणि 18 तारखेची आहेत. तिसरं 3 मेचं. तेव्हा व्याजाचं काही नव्हतं.

3 मेच्या आदल्या आठवड्यात भावाचा फोन आला होता. जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलंय. जातं, उखळ, जुनी भांडी भंगारात देतोय, तुला काही हवंय का, असं विचारत होता. चांगल्या मनाने विचारलं. मी म्हटलं, नको, ठेवू कुठे?

हे लिहिल्यावर मलाच दिसलं. स्वप्नातला माझा पहिला विचार हाच असतो, ठेवू कुठे.

आणखी एक आहे. 2011 मध्ये वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. सगळ्या बहिणी करतात, तशी केली. कार्यालयाबाहेर चहा घेतला, भावाने साडी दिली. मला वाईट वाटल्याचं आठवत नाही. पण ते माजघर आता कायद्याने माझं नाही, आणि मी दर वेळी तिथेच चोरासारखी उकरत असते. चामडी चपला वडील घालायचे. भाऊ कधीच नाही.

पायवाट | 15 जून, सकाळी 6:40

ताई, हे वाचून मला रडू आलं. मीही सही केलेली आहे. पण एक सांगते, भावाकडे आता तो विषय काढू नका. माहेरचा उंबरा टिकवायचा असेल तर काही गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात. नातं गेलं तर हंडा मिळूनही काय करायचं?

दिवटी | 15 जून, सकाळी 11:15

पायवाट ताई, तुमच्या भावना समजतात, पण 'पोटात ठेवा' हे मला पटत नाही. 1994 पासून महाराष्ट्रात आणि 2005 पासून देशभर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. सह्या घेताना हे बहिणींना कुणी समजावून सांगत नाही. माजघर ताई, नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी फिरवता येत नाही, फसवणूक किंवा दबाव दाखवावा लागतो, आणि तुम्ही म्हणता तसं काही झालेलं नाही. तरी एकदा वकिलाला कागद दाखवा.

माजघर | 15 जून, रात्री 10:30

नाही दिवटी दादा, मला वाटा नको आहे. आज खरंच नको आहे. पण तो मागायचा नाही असं मी ठरवलं होतं की तसं गृहीत धरलं गेलं, हे मला सांगता येत नाही. तेवढ्यावर मन अडतंय.

आत्याला सांगितलं, जाणकार नको. ती रुसली आहे.

कसोटी | 16 जून, दुपारी 3:20

ताई, धंद्यातली एक गोष्ट सांगतो. दोन्ही दागिने एकाच पावतीवर असतील तर संस्थेला विचारा, वेगवेगळ्या पावत्या करून मिळतात का. वर्ष संपताना नवं करताय तेव्हाच विचारा, तीच वेळ असते. 14 ग्रॅमवर मिळालेली रक्कम लहान असते, बोरमाळ आधी सोडवणं झेपेल. हिशेबाने पाहिलं तर पाटल्या आधी सोडवाव्यात असं कुणीही सांगेल, सोनं त्यांत जास्त. पण तुमच्या झोपेचा हिशेब बोरमाळेशी आहे असं मला वाटतं.

निशिगंध | 16 जून, रात्री 8:45

कसोटी यांच्या म्हणण्याला माझी हरकत नाही, फक्त बोरमाळ घरी आली म्हणजे स्वप्न थांबेलच असं धरून चालू नका. काळजी मिटली की वारंवार पडणारी स्वप्नं बऱ्याचदा विरळ होतात, पण इथे एकात एक तीन गोष्टी गुंतल्यात: व्याज, आईची बोरमाळ आणि ते घर. कोणती ओढतेय हे मला इथून सांगता येत नाही. तीन तारखांवरून तर नाहीच.

माजघर | 4 ऑगस्ट, रात्री 11:00

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं, म्हणून लिहिते.

पावत्या वेगळ्या झाल्या. भिशीचा माझा नंबर जुलैत लागला, त्यातून बोरमाळ सोडवली. चिरलेला मणी भरून आणला. सराफाने नवी लाख तापवून भरली, तो वास मी लहानपणी कधीतरी घेतलेला होता. पाटल्या तिकडेच आहेत. बोरमाळेत सोनं किती आहे ते यांना सांगितलं. ते म्हणाले, मग काय झालं? आणि पेपर वाचत बसले. वर्षभर मी ते मनात ठेवलं होतं.

भावाला फोन केला. हक्काचं काही बोलले नाही. जातं हवंय एवढंच म्हटलं. तो म्हणाला, वरची तळी कुणीतरी नेली, खालची आहे. मागच्या रविवारी टेम्पोतून पाठवली. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत तिला जागा नाही, गॅलरीत कुंडीखाली ठेवली आहे.

स्वप्न 19 जूनला एकदा पडलं, तसंच. त्यानंतर 26 जुलैला पडलं. वहीतलं उतरवते: 'वाटलं – घाई. माजघर, कोपरा, उकरते आहे. खाली हंडा नाही, नुसती माती, ओली. पावलं वाजली. मी उठले नाही. कोण आहे म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही.'

छाती धडधडत नव्हती, पण रडू आलं होतं. याचा अर्थ मी लावलेला नाही.

दूरदेशी | 5 ऑगस्ट, पहाटे 1:40

ताई, खालची तळी जपून ठेवा. वरची नवी करून मिळते, चिपळूणजवळ अजून टाकी लावणारे येतात.

निशिगंध ताई, तुम्ही विचारलं होतंत ते पाहिलं. समुद्राकडे सरकत असतो. घर कोणत्या बाजूला आहे ते स्वप्नात कळत नाही.